पुसातलं लगन

१

पुसात, म्हणजे पौषात, लगन लागत नाही. आमच्या गावात हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. म्हणूनच त्या पुसात मला पहाटे पहाटे लगन दिसू लागलं, तेव्हा मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून. तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला, आम्हा ढिवरांची मोजकी घरं. चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि भिंतींवर मलेरियाच्या फवारणीचे पांढरे डाग ताजे होते. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते शेजारच्या रुखमाकाकीनं. तिचे मालक इस्तारीकाका आणि माझे बाबा देवाजी एकाच तळ्यावर जाळी टाकत.

रोज सकाळी काकी आणि मी तिच्या अंगणात धान कांडायचो. उखळ एक, मुसळं दोन. तिचं वर गेलं की माझं खाली. हात चुकला तर बोटं चेचायची, पण आमचा कधी चुकला नाही.

"रात्री झोपली नाई काय व, कुंता?" एका सकाळी काकीनं विचारलं. "डोये सुजले तुहे."

मग मी सांगितलं. माझं लगन बाबांनी त्याच दिवाळीनंतर जमवलं होतं. जंगलापलीकडच्या गावचा केवळराम. त्याचा मामा येऊन मला पाहून गेला. केवळरामला मी पाहिलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं. फागुनानंतर मांडव पडणार होता. आणि सपनात तो रोज पडत होता. मांडवात माणसं जमलेली असत आणि मी अजून तळ्यावर भांडी घासत असे. धावत यावं तर हळदीचं पातळ सापडत नसे, हातात बांगड्या नसत, पंगत उठून गेलेली असे. कशीबशी मला उभी करत. समोर अंतरपाट. पलीकडे कुणीतरी उभं. मंगलाष्टकं चालूच, चालूच, संपत नसत. पाट खाली यायच्या आधी मला जाग येई.

काकी हसली. "लगनाच्या पोरीले हेच दिसते. माह्या पोरींयलेबी दिसलं. एकीचा नवरदेवच हरवला, एकीच्या मांडवात भाताचा गंज रिकामा. ज्याची धास्ती घेतली थेच सपनात येते. नवऱ्याचं तोंड तुलेच ठाऊक नाई, तं सपनाले कुठून ठाऊक राहीन? म्हनून पाट पडत नाई."

मला बरं वाटलं. सहज विचारलं, "तुमालेबी पडते काय काकी?"

तिचं मुसळ उखळाच्या काठावर आदळलं. दाणे अंगणभर उडाले.

"लगन झालेल्या बाईले कायले पडन?" ती म्हणाली आणि खाली बसून दाणे वेचू लागली.

२

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. मुसळ न थांबवता, माझ्याकडे न पाहता.

तिची धाकटी गोकुळा गेल्या उन्हाळ्यात सासरी गेली. घरात उरले दोघंच. तेव्हापासून तिला लगन दिसत होतं.

"तुह्यासारखं नाई. माह्या सपनात सारं तयार राहते. हळद लागली, बांगड्या भरल्या, कोनी घाई करत नाई. मीच म्हनतो, अवं, माह्यं लगन झालं हाये, माह्या पोरींचे लगनं झाले. कोनी ऐकत नाई. मंग मी यायले शोधतो. हे पंगतीत पानी वाढून राह्यले असतेत. माह्याकडं पाहत बी नाई."

"मंग?"

"मंग उभी करतेत. पाट धरतेत." मुसळ वर गेलं, खाली आलं. "वला राहते तो पाट. खालून पानी गळते."

माझं मुसळ हातातच राहिलं.

मी तिला पाटाच्या पाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंही नव्हतं. पण माझ्याही सपनात तो ओला होता. खालच्या काठावरून थेंब टपकत, आणि टपकण्याचा आवाज मंगलाष्टकांच्या मधूनमधून ऐकू येई.

३

मी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. गुरुजी सांगायचे, दिवसा जे पाहिलं-ऐकलं त्याचाच काला रात्री डोक्यात होतो. मी स्वतःला तेच समजावलं. आमच्या दोघींच्या घरांमधे एकच कुडाची भिंत. तिच्यापलीकडे काकाजींची ओली जाळी बांबूवर वाळत पडत. पाणी टपकतं ते त्यांचंच, आणि ते दोघींच्या कानात जातं. यात काय आहे?

मन निवलं, पण थोडा वेळच. कारण काकीनं पुढं विचारलं, "पाटाखालून पाय दिसतेत का तुले?"

दिसत होते. पाट जमिनीपासून हातभर वर असे, आणि खाली दोन पाय. पांढरे पडलेले, फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडीला सुरकुत्या पडतात तसे.

"डाव्या पायाचा अंगठा?" काकी हळूच म्हणाली.

मी मान हलवली. नख काळं आणि वाकडं होतं.

आम्ही दोघींनीही अंगणापलीकडे पाहिलं. इस्तारीकाका उकिडवे बसून जाळं सांधत होते. तरुणपणी त्यांच्या डाव्या पायावर मासेमारीचा डोंगा पडला होता. अंगठ्याचं नख तेव्हापासून काळं आणि वाकडं.

यालाही मी कारण शोधलं. नवऱ्याचं तोंड मला माहीत नाही, तसे पायही माहीत नाहीत. मग सपन कुठून तरी पाय आणणारच. बाबा आणि काका, रोज पाहते ते हेच पुरुषाचे पाय. कारण अगदी पक्कं होतं. तरी त्या दिवशी काका घरात आले तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहू शकले नाही.

गावात म्हातारी मनकर्णा सगळ्यांच्या सपनांचे अर्थ सांगे. आम्ही तिला काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सपनात लगन दिसलं की घरातून कुणीतरी जातं, हे तिनं आम्हाला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं.

४

काकीनं उरलेलं सांगायला आणखी वेळ घेतला. त्या दिवशी आम्ही पाळीवर शिंगाडे सोलत होतो. ऊन चांगलं पडलं होतं.

"माह्या सपनात मंगलाष्टकं नाई," ती म्हणाली. "तिथी मले कोनी इचारते. तुही मर्जी हाये का, म्हनते."

"कोन इचारते?"

"दिसत नाई. बुवा नाई, बाप नाई. नुसता आवाज." तिनं शिंगाड्याचा काटा बोटातून काढला. "मी लगनात बापाच्या मांडीवर झोपली होती, कुंता. मले उठवून अक्षदा टाकल्या. मर्जी कोन इचारते? मंग वयात आली, नांदाले आली, लेकरं झाले. यायनं कधी हात उचलला नाई, कधी उपाशी ठेवलं नाई. मीबी कधी रुसून माहेरी गेली नाई. लोकं म्हनतेत, कसा संसार केला. केला ना. पन आमी दोघायनं एकमेकाले काई इचारलं नाई. पोरी होत्या तवा घरात बोलनं होतं. आता मीठ सरलं, जाळं फाटलं, एवढंच."

"मंग तुमी सपनात काय सांगता?"

"तोंडच उघडत नाई. हो म्हनलं तं हे दुसरं लगन होईन, पाप होईन. नाई म्हनलं तं कोनाले नाई म्हनलं? पाटामांगचे पाय तं मले ठाऊक हायेत." ती थांबली. "आन तो आवाज पुन्हा इचारते. रोज थोडा जवळून इचारते."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमची दोघींची सपनं सारखी असूनही वेगळी आहेत. मी पाटापलीकडे कोण आहे याला भीत होते. तिला ते माहीत होतं. ती भीत होती ते आपण स्वतः काय म्हणू याला.

५

एका दुपारी मी काकीचं सूप परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका बाजेवर निजले होते, काकी खाली गोधडीवर. दोघंही गाढ झोपेत.

आत पाणी टपकत होतं. थेंब. मग थेंब. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा थेंब.

मी जाळ्यापाशी गेले आणि हात लावला. जाळं कोरडं होतं, उन्हानं कडक झालेलं. माठ पाहिला. माठाखाली कोरडं. वर पाहिलं. छपराचे कवेलू कोरडे, बाहेर लख्ख ऊन.

मग मी त्या दोघांकडे पाहिलं. काकीचे ओठ घट्ट मिटलेले होते, कुणी जबरदस्तीनं उघडू पाहत असावं आणि तिनं दाबून धरावेत तसे. काका मात्र तोंड किंचित उघडं ठेवून, मान जरा वाकडी करून निजले होते. दुसऱ्या खोलीतलं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून माणूस कान देतो ना, तसे.

मी एक पाऊल पुढं टाकलं आणि आवाज थांबला. सूप तिथंच ठेवून मी बाहेर आले. दिवसाउजेडी, भरल्या गावात, मला आमच्या घरापर्यंतचं अंतर चालवत नव्हतं.

६

त्यानंतर लवकरच धुईची, दाट धुक्याची सकाळ आली. उजाडलं होतं, पण अंगणाच्या कुडापलीकडचं काही दिसत नव्हतं. बाबांना ताप होता, म्हणून काका एकटेच डोंगा घेऊन जाळी उचलायला गेले होते. काकीनं त्यांना थांबवून पाहिलं. "धुई काय अंगाले खाऊन जाते का?" असं म्हणून ते गेले.

आम्ही कांडायला लागलो. काही वेळानं काकीनं मुसळ धरून ठेवलं.

"ऐकू येते का?"

मी कान दिला. काही नव्हतं. पाणकोंबडी नाही, बगळा नाही, डोंग्याच्या वल्ह्याचा आवाज नाही. तळ्याकडून रोज जे काही ना काही येतं, त्यातलं काहीच नव्हतं.

काकी मुसळ हातात घेऊनच पाळीकडे धावली. मी तिच्या मागं.

पाळीवर उभं राहून जे पाहिलं ते मी जसंच्या तसं सांगते. धुई पाण्याला टेकलेली नव्हती. पाण्याच्या हातभर वर ती सरळ रेषेत थांबली होती, कुणीतरी दोन्हीकडून ताणून धरल्यासारखी. खालच्या काठावरून पाणी टपकत होतं. काठ आणि तळं यांच्यामधे स्वच्छ उजेडाची एक पट्टी होती.

त्या पट्टीत दोन पाय होते. पाण्यावर टेकलेले. पांढरे, सुरकुतलेले. डावा अंगठा मी पाहिला.

त्यांच्या मागं आणखी पाय होते. ओळीनं. लगनात लोक अक्षदा हातात घेऊन उभे राहतात तसे दाटीवाटीनं, उजेड जिथपर्यंत पोचत होता तिथपर्यंत. कुणीही हलत नव्हतं.

माझ्या कानावर काही आलं नाही. काकीला मात्र कुणी काही विचारलं असावं. कारण तिनं हातातलं मुसळ टाकलं, पदर नीट केला आणि आयुष्यात तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, तेही लाजून. तिनं ते तळ्याच्या तोंडावर ओरडून घेतलं.

"इस्तारी! हो म्हनतो मी! माही मर्जी हाये! ऐकलं का इस्तारी, माही मर्जी हाये, या इकडं!"

पाण्यात काहीतरी धपकन पडलं. धुई एकदम मोडली आणि तळ्यावर पसरली. पाय गेले. आणि जवळच, अगदी जवळ, कुणीतरी खोकलं.

आम्ही छातीभर पाण्यात शिरलो. काका एका मेलेल्या झाडाच्या बुंध्याला धरून होते. डोंगा उलटला होता, पाय जाळ्यात अडकला होता, आणि धुईत त्यांना काठ कुठं ते कळत नव्हतं. काकीनं दातांनी जाळं तोडलं. दोघींनी त्यांना ओढून आणलं.

७

बाबा तापातून उठून आले, त्यांनी शेकोटी पेटवली. काका घोंगडीत थरथरत होते. ओठ निळे पडले होते, पण बोलत होते.

"किती वेळ होतो पान्यात, काई समजलं नाई. हात सुटून राह्यला होता. सोडून द्यावं असंच वाटे. मंग इचं ओरडनं आलं. त्या आवाजाकडं तोंड केलं, धरून राह्यलो."

काकी त्यांचे पाय चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काई दिसाचं. सपनात." आणि सगळं सांगितलं.

काकांनी घोंगडीतून हात काढून शेकोटीवर धरले. मग म्हणाले, "मलेबी."

काकीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"गोकुळा गेल्यापासून. पाटाच्या पलीकडं मी उभा राहो. पाय भिजून जायेत. कोनी तुले इचारे, आन तुहा आवाज येत नसे. मी कान देऊन राहो. वाटे, आता तू नाई म्हनशीन. म्हनलं तं काय करू? मीबी तं कधी इचारलं नोयतं."

"तुमी तं पंगतीत पानी वाढत होते," काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, खरा राग.

"कोनी तरी वाढाले पायजे ना," काका म्हणाले. "तू इतका उशीर लावला. लोकं तिष्ठून राह्यले होते."

काकीला हसू आलं. मग रडू आलं. तिनं त्यांचे पाय छातीशी धरले.

"आन तुमची?" तिनं विचारलं. "तुमची मर्जी?"

"माही तं कवाची हाये, वेडे. मलेबी कोनी इचारलं नाई, म्हनून सांगतली नाई."

मला गप्प राहवलं नाही. "काकाजी," मी म्हटलं, "तुमच्या मांगं कोन होते? ते सारे?"

काकांनी घोंगडी अंगाशी ओढून घेतली.

"म्या मांगं पाह्यलं नाई," ते म्हणाले. "पाहू नये असं वाटलं. तूबी इचारू नोको."

मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. धुई होती, घाबरलेल्या दोन बाया होत्या, आणि तळ्यात बुडालेली मेलेली झाडं होती, त्यांचे बुंधे धुईत कसेही दिसतात. हे मी स्वतःला सांगते. बहुतेक दिवस ते पुरतं.

८

काका उठून हिंडू-फिरू लागल्यावर काकी आमच्या घरी आली आणि बाबांसमोर बसली.

"देवाजीभाऊ, पोरगं बोलवा. कुंता त्याले पाहीन, बोलीन. मंगच मांडव."

"जमलेलं लगन, बाई. लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले मी पाह्यलं हाये," काकी म्हणाली. "लोकं नुसते उभे राहतेत."

बाबांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी निरोप धाडला.

केवळराम मामाबरोबर आला. काळासावळा, अंगानं बारीक, बोलायला लाजरा. काकीनं आम्हा दोघांना आंब्याखाली बसवलं आणि स्वतः थोड्या अंतरावर पाठ करून तांदूळ निवडत बसली. मी घाबरून विचारायचं ते एकदम विचारून टाकलं. राग येतो का, आई कशी आहे, दारू घेतो का. तोही सरळ सांगत गेला. राग येतो, पण तो मग घराबाहेर जाऊन बसतो. आई फटकळ आहे, मनाची वाईट नाही. दारू सणाला घेतो.

मग तो पायाच्या बोटानं माती उकरत म्हणाला, "एक सांगू का? हासू नोको. मले सपन पडते. मी वरात घेऊन दुसऱ्याच गावात जातो. तिथी लोकं नवरीचं नाव इचारतेत, आन मले आठवत नाई."

मी हसलेच. इतकी हसले की काकीनं मागं वळून पाहिलं. तो त्या जंगलापलीकडे, मी इथं, आणि दोघंही एकमेकांना न पाहता एकमेकांची धास्ती घेऊन निजत होतो. मी त्याला माझं नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.

त्यानंतर मला ते सपन पडलं नाही. आमचं लगन फागुन सरल्यावर लागलं. आज माझ्या घरात सुना आहेत, नातवंडं आहेत. केवळराम रागावला की अजून बाहेर जाऊन बसतो, आणि मी थोड्या वेळानं त्याला आत बोलावते. चांगलं चाललं. फार चांगलं चाललं. त्याबद्दल मी कुणाचे आभार मानायचे हे मला अर्धं नीट माहीत आहे, आणि अर्धं माहीत नाही.

लगनानंतर मी सासरी निघाले तेव्हा काकी-काका मला वाटेला लावायला गावाबाहेर आले होते. माझी बैलगाडी निघाली तेव्हा ते दोघं घराकडे परत फिरले. आमच्याकडे पुरुष पुढं चालतो, बाई मागं. मी गाडीतून पाहत होते. थोडं पुढं जाऊन काका थांबले. काकी पोचेपर्यंत थांबले. मग ते तिच्या बाजूनं चालू लागले, आणि काहीतरी बोलत होते. दूरवरून ऐकू आलं नाही. काकीनं हात हलवून काही उलट उत्तर दिलं, काका हसले. मोहाच्या झाडांआड ते दिसेनासे झाले तरी मी तिकडेच पाहत बसले होते.

केवळरामनं विचारलं, "काय पाहून राह्यली?"

"काई नाई," मी म्हटलं. "ते बोलून राह्यले."